‘शिकवायला नको, ऐकायला या’: वाचनसोबतीसाठी पालकांना बोलावल्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातलं, कांदा-टोमॅटोवर चालणारं गाव. जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा, आम्ही तीन शिक्षक. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, पट 38. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि एक-दोन बारीक तपशील बदलले आहेत.

जुलैत मी प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचन तपासलं. मुलांना वाचन-गणित किती येतं हे बघणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत वापरतात तसंच साधं साधन घेतलं: अक्षरं, मग सुटे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. 21 मुलं गोष्ट वाचत होती, 6 परिच्छेदापर्यंत पोचत होती आणि 11 शब्दांवर अडकली होती.

त्या अकरांतला एक मुलगा ‘सकाळी सूर्य उगवला’ एवढं वाक्य वाचत होता. ‘स-का-ळी’ नीट झालं. ‘सू’ म्हणाला, रफाराशी थांबला आणि पुस्तकातून मान वर करून माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी शब्द सांगितला. पुढं ‘उगवला’ बरोबर वाचलं, पण तोवर वाक्य कशाबद्दल होतं तेच त्याच्या हातून निसटलं होतं. अक्षरं येत होती, वाचायचा सराव नव्हता. मोठ्या माणसाजवळ बसून तो आठवड्यात किती वेळ मोठ्यानं वाचतो, हे मी वहीत टिपून पाहिलं. सहा मिनिटं.

अडचण

प्रत्येकाला आठवड्यात निदान वीस मिनिटं वाचायला मिळावीत आणि शेजारी ऐकणारं कोणी असावं, एवढाच माझा हिशोब होता. अकरा मुलांचे मिळून जवळजवळ चार तास होतात. दोन वर्ग एकत्र सांभाळून चार तास काढणं मला शक्य नव्हतं.

तपासलेले पर्याय

शाळा सुटल्यावर जादा तास घ्यायचा, हा पहिला विचार. पण अकरांतली पाच मुलं वस्तीवरून चालत येतात आणि दिवाळीनंतर लवकर अंधारून येतं. तो विचार तिथंच सोडला.

‘घरी वाचून घ्या’ हे तर प्रत्येक पालकसभेत सांगून झालं होतं. त्याचं घरी काय होतं, ते मुलांनीच सांगितलं. आई दमून येते, पुस्तक हातात घेते, तिसऱ्या शब्दाला पोरगं अडतं आणि ‘एवढंपण येत नाही?’ म्हणून धपाटा बसतो. पोटच्या पोराच्या बाबतीत धीर राहत नाही. मी स्वतः आई आहे, मला वेगळं सांगायला नको.

चौथीतल्या चांगल्या वाचणाऱ्या मुलांच्या जोड्या लावून दोन आठवडे पाहिलं. ती थांबतच नाहीत. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत शब्द सांगून मोकळी, वर मला ऐकवायचं, ‘मॅडम, मीच सांगितलं त्याला.’

राहिला चौथा पर्याय. पालकांनाच शाळेत बोलवायचं, पण स्वतःचं मूल स्वतःकडे द्यायचं नाही. सहकारी गुरुजींचा याला विरोध होता. ‘पालक एकदा आत आले की वर्गातली गोष्ट गावभर होते,’ असं त्यांचं म्हणणं. ते निम्मे बरोबर ठरले, ते पुढं येईलच. मुख्याध्यापकांनी अट घातली: वाचन उघड्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या नजरेसमोर, कुणीही मुलासोबत बंद खोलीत एकटं बसणार नाही आणि मोबाईलवर फोटो काढायचे नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीनं तसा ठराव केला. समितीत बहुतेक पालकच असल्यामुळे तिथं फार वेळ लागला नाही.

पहिलं निमंत्रण आणि ते का फसलं

ऑगस्टमध्ये मी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेला मजकूर जसाच्या तसा देते:

‘सर्व पालकांना कळविण्यात येते की, विद्यार्थ्यांच्या वाचन कौशल्याच्या विकासासाठी इच्छुक व सुशिक्षित पालकांनी दररोज सकाळी 11 ते 12 या वेळेत शाळेत उपस्थित राहून सहकार्य करावे.’

चौदा अंगठे आले. प्रत्यक्षात आले दोघे: डी.एड. करून घरी बसलेली एक आई आणि कचेरीतून निवृत्त झालेले एक आजोबा. तिसऱ्या दिवसापासून एकटे आजोबाच.

मग मी फाटकाशी उभी राहून पोरांना सोडायला आलेल्या बायकांशी बोलले. एकीनं सरळ सांगितलं, ‘मॅडम, मी सातवी शिकलेय. तुम्ही सुशिक्षित लिहिलंय.’ दुसरी म्हणाली, ‘रोज कसं जमायचं? अकरा वाजता मी टोमॅटोच्या तोडणीला असते.’ तिसरीनं दबक्या आवाजात विचारलं, ‘सहकार्य म्हणजे वर्गणी काय हो?’

एका वाक्यात मी तीन दारं लावून घेतली होती. ‘सुशिक्षित’नं बहुतेक आया बाहेर राहिल्या, ‘दररोज’नं मजुरीवर जाणाऱ्या सगळ्याच गेल्या, आणि येऊन नेमकं करायचं काय, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. काम कळलं नाही की माणूस एक तर येत नाही, नाहीतर स्वतःला वाटेल ते करतो. आजोबांचं तेच झालं. ते फळ्यापाशी उभे राहून बाराखडी घेत होते.

दुसरं निमंत्रण

सप्टेंबरच्या सुरुवातीला नव्यानं लिहिलं. या वेळी मोबाईलवर न टाकता मोठ्या अक्षरातला अर्ध्या पानाचा कागद हातोहात दिला. खाली नाव लिहून परत पाठवायची पट्टी होती.

> वाचनाला सोबत हवी आहे
>
> ताई, दादा, आजी, आजोबा,
>
> तिसरी-चौथीच्या काही मुलांना मोठ्या माणसाजवळ बसून मोठ्यानं वाचायचा सराव हवा आहे. शिकवायचं काम शाळा करेल. आम्हाला ऐकणारं माणूस हवं आहे.
>
> काम: मुलाशेजारी बसायचं. ते वाचेल ते ऐकायचं. अडलं तर थोडं थांबून शब्द सांगायचा. शेवटी वहीत तारीख आणि पान नंबर लिहायचा. दोन किंवा तीन मुलं, प्रत्येकाला दहा मिनिटं.
>
> वेळ: शनिवारी सकाळी 7:40 ते 8:10, किंवा बुधवारी मुलांच्या जेवणानंतर 2 ते 2:30. दोन्हींतली एकच वेळ निवडा.
>
> किती दिवस: सहा आठवडे. नंतर थांबलात तरी चालेल.
>
> मराठी वाचता येत असलं की पुरे. वाचता येत नसेल तरी एक काम आहे, येऊन विचारा.
>
> एखाद्या वेळी जमलं नाही तर आदल्या दिवशी मुलाच्या हाती निरोप पाठवा.

वेळा ठरवताना गावाच्या घड्याळाकडे पाहिलं. शनिवारी शाळा सकाळची असते आणि मजुरीला बायका नवाच्या सुमारास निघतात, त्यामुळे पोराला सोडायला आलेली आई अर्धा तास थांबू शकते. बुधवार आमच्याकडे बाजाराचा वार, त्या दिवशी रानातलं काम कमी असतं.

‘सहा आठवडे’ हे घालावं की नाही यावर बराच खल झाला. मुख्याध्यापकांना वाटे, मुदत दिली की लोक त्या दिवशी सोडून जातील. मला वाटे, मुदत नसेल तर कुणी होच म्हणणार नाही. घातली ते बरं झालं. पट्टीवर नाव लिहिणाऱ्यांपैकी तिघींनी आधी ‘सहाच आठवडे ना?’ हे विचारून घेतलं होतं.

मुलांच्या निवडीतही एक निर्णय होता. अकराच मुलं व्हरांड्यात बसवली असती तर ‘ढ मुलांचा गट’ हे नाव दुसऱ्याच दिवशी पडलं असतं. म्हणून त्यांच्याहून बरं वाचणारी चार मुलं त्यांत मिसळली. एकूण पंधरा.

चौदा पट्ट्या परत आल्या, त्यांतून दहा जण ओळखवर्गाला आले. नऊ बायका आणि तेच आजोबा.

ओळखवर्ग आणि सूचनांची चिठ्ठी

ओळखवर्ग पंचवीस मिनिटांचा. भाषण केलं नाही. मी मूल झाले, डी.एड. झालेल्या ताई सोबती झाल्या, आणि मी मुद्दाम अडत-चुकत वाचलं. मग चिठ्ठी वाटली. ती नोंदवहीच्या आतल्या पुठ्ठ्याला चिकटवलेली असते, म्हणजे शोधावी लागत नाही. तिच्यात सहाच गोष्टी होत्या:

> 1. आधी चित्रं बघा. गोष्ट कशाची असेल, ते मुलाला विचारा.
> 2. अडलं तर मनात पाच मोजा. मग शब्द सांगा, मुलाला तो म्हणू द्या, पुढं चला. अक्षरं फोडायला लावू नका.
> 3. चुकलं तर लगेच अडवू नका. वाक्य संपू द्या. अर्थ बिघडला असेल तरच ‘परत एकदा वाच बरं’ म्हणा.
> 4. एका पानावर पाच शब्द अडले तर पुस्तक अवघड आहे. बदलून घ्या.
> 5. शेवटी एकच प्रश्न: ‘तुला यातलं काय आवडलं?’
> 6. गोपनीयता पाळावी.

दुसऱ्या सूचनेवर सगळ्यात जास्त वेळ गेला. आपण ज्या पद्धतीनं शिकलो तिच्यात ‘प्रकाश’ अडलं की ‘प ला र जोडला प्र’ असं म्हणायचं. वर्गात, फळ्यावर ते ठीकच आहे, आणि ते मी घेतेच. पण गोष्ट वाचताना एका जोडाक्षरापाशी मिनिटभर थांबलं की मागचं वाक्य पुसलं जातं. शब्द सांगून टाकला तर मूल वाक्याच्या आत राहतं. शब्द लगेच मात्र सांगायचा नाही, कारण पाचांतल्या तीन-चार सेकंदांत पुष्कळ मुलं स्वतःच तिथवर पोचतात. पाच सेकंद गप्प बसणं मोठ्या माणसाला किती जड जातं, ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. ओळखवर्गात पहिल्या फेरीत दहांपैकी एकालाही जमलं नाही.

काय काय घडलं

पहिल्याच आठवड्यात एक ताई पाच मोजताना बोटं मिटायच्या. दोन मुलांच्या ते लक्षात आलं. ती पुस्तकाऐवजी ताईंची बोटं बघत बसायची, पाचवं बोट मिटलं की शब्द फुकट मिळतो हे त्यांना कळलं होतं. ताईंना हात पदराखाली घ्यायला सांगितले. त्या स्वतःच इतक्या हसल्या की पुढं अडचण राहिली नाही.

उच्चाराचा प्रश्न मी धरलाच नव्हता. वस्तीवरची मुलं ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘लोणी’ला ‘लोनी’ वाचतात, कारण घरी तसंच बोलतात. एक सोबतीण दर वेळी ‘पाणी म्हण, पाणी’ करायची आणि मुलगी हळूहळू तोंडातल्या तोंडात वाचायला लागली. त्या मुलीनं शब्द ओळखला होता, अर्थ कळला होता, फक्त तो तिच्या बोलीत म्हटला होता. वाचनात ही चूक धरायची नाही, हे चिठ्ठीत तिसऱ्या सूचनेखाली पेनानं वाढवलं.

आजोबांचं जमलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ, वेलांटी, अनुस्वार, सगळ्याला ते थांबवायचे आणि समोरचं मूल गप्प व्हायचं. दोनदा सांगून पाहिलं. शेवटी मी त्यांना पुस्तकांचं काम दिलं: वाचनपेटीतली फाटकी पुस्तकं डिंकानं चिकटवायची आणि मी सांगेन तसे सोप्याला हिरवे, मध्यमला पिवळे, अवघडाला लाल ठिपके लावायचे. काम त्यांनी फार सुबक केलं. पण पहिल्या दिवशी म्हणाले, ‘म्हणजे मला काढलं तर.’ ओळखवर्गात दोन-तीन कामं समोर ठेवून निवडायला सांगितलं असतं, तर हे वाक्य मला ऐकावं लागलं नसतं.

सगळ्यात मोठा निर्णय तिसऱ्या आठवड्यात करावा लागला. एका मुलाची आई संतापून शाळेत आली. सकाळी डेअरीवर दूध घालताना तिनं ऐकलं होतं, ‘चौथीत गेलं तरी बिचाऱ्याला धड वाचता येत नाही.’ सोबत करणाऱ्या एका ताईंनीच हे म्हटलं होतं, तेही कळवळ्यानं. मुलगा त्यानंतर दोन आठवडे व्हरांड्यात आला नाही. गुरुजी काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले.

त्या ताईंना काढायचं की ठेवायचं? काढलं असतं तर बाकीच्या आठ जणी घाबरून गळाल्या असत्या. काहीच केलं नसतं तर मुलाच्या आईचा शाळेवरचा विश्वास गेला असता. मी आधी त्या आईच्या घरी जाऊन चूक माझी म्हणून माफी मागितली. मग ताईंशी एकटीशी बोलले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. चिठ्ठीत मी ‘गोपनीयता पाळावी’ लिहिलं होतं, आणि त्या शब्दाचा अर्थ त्यांनी ‘मोबाईलवर टाकू नये’ असा घेतला होता. ताई राहिल्या, पण तो मुलगा दुसरीकडे दिला. सहावी सूचना बदलली: ‘कोणाचं मूल कसं वाचतं, हे डेअरीवर, दुकानात, स्वतःच्या घरीसुद्धा बोलू नका. विचारलं तर म्हणा, मॅडमना विचारा.’

वाचता न येणारी आई

‘वाचता येत नसेल तरी एक काम आहे’ हे मी लिहून बसले, आणि एक आई खरोखरच आली. ‘मला अक्षर येत नाही. काय काम आहे ते सांगा.’ मी मनाशी धरलेलं काम पुस्तकं मांडायचं होतं, पण तिच्याकडे बघून ते सांगवेना.

तिला परिच्छेद-पातळीची दोन मुलं दिली. त्यांनी दुसऱ्या सोबतीकडे एकदा वाचलेली गोष्ट हिला वाचून दाखवायची. तिचं काम एकच, मधूनमधून ‘मग पुढं?’ विचारायचं. झालं असं की मुलं अडली की मान वर करून तोंडाकडे बघायची सवय तिच्यापुढं निरुपयोगी ठरली, कारण शब्द तिलाही माहीत नव्हता. मुलं मागं जाऊन वाक्य पुन्हा वाचायची. एकदा एका मुलानं ‘कोल्हा’चं ‘कोळी’ वाचलं, तर ती म्हणाली, ‘कोळी कसा द्राक्षं खाईल?’ मुलानं परत बघितलं आणि सुधारलं. जिथं चुकीचा शब्दही अर्थात बसतो तिथली चूक तिला पकडता येत नाही, ही मर्यादा आहेच. म्हणून शब्दांवर अडकलेली मुलं तिच्याकडे दिली नाहीत.

निष्पत्ती

दिवाळीची सुट्टी वगळून बारा आठवडे हे चाललं. दहांपैकी सात जणींनी पहिले सहा आठवडे पूर्ण केले, सहा जणी पुढंही येत राहिल्या. डिसेंबरच्या अखेरीस तीच तपासणी पुन्हा घेतली. अकरांतली तीन मुलं गोष्ट वाचत होती, पाच परिच्छेदावर आली होती, तीन शब्दांवरच होती.

हे सगळं सोबतीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. याच काळात मी वर्गात जोडाक्षरं घेत होते, आणि मुलंही पाच महिन्यांनी मोठी झाली होती. नोंदवहीतून खात्रीनं सांगता येतं ते एवढंच, की रफाराशी थांबणाऱ्या त्या मुलाच्या सहा मिनिटांत आठवड्याला वीसएक मिनिटांची भर पडली.

मागं राहिलेल्या तिघांकडून मला जास्त कळलं. एक जण महिनाभर गावातच नव्हता, आईवडील कामाला बाहेरगावी गेले होते. दुसरा पुस्तक नाकाशी धरतो, हे त्याच्या सोबतिणीनं वहीत लिहिलं होतं. आरोग्य तपासणीच्या पथकाला दाखवलं, डिसेंबरात चष्मा लागला. मी दीड वर्ष त्याला शिकवत होते, मला दिसलं नाही. तिसऱ्या मुलीची अक्षरंच पक्की नव्हती, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत ती गोंधळायची. जुलैच्या तपासणीत ओळखीचे शब्द आले म्हणून मी तिला शब्दांच्या पातळीवर धरलं, ती माझी चूक. अक्षरं पक्की नसलेल्या मुलाला ऐकणारं माणूस देऊन उपयोग नाही, त्याला शिकवावंच लागतं. बारा आठवडे ती मुलगी शेजारच्यानं सांगितलेले शब्द म्हणत राहिली.

काय वेगळं करता आलं असतं

सुरुवात जुलैतच करायला हवी होती. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची लागण येते, तेव्हा बाजाराच्या वारीही बायका रानात असतात. जानेवारीत दोघीच राहिल्या.

सोबतीण न आल्याचं नियोजनही नव्हतं. निरोप आला तर मुलं दुसरीकडे वाटून देता येत, पण निरोप नेहमी येत नाही. ऑक्टोबरातल्या एका बुधवारी तीन मुलं पुस्तक उघडून व्हरांड्यात बसून राहिली. मी अडीचला बाहेर आले तेव्हा त्यांतली एक रस्त्याकडे बघत होती. आता दर वेळेला एक नाव राखीव असतं आणि कुणी आलं नाही तर मुख्याध्यापक बसतात.

बाप एकही आला नाही. याचं कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. कागद मी फाटकाशी वाटला होता, आणि फाटकाशी आयाच असतात. यंदा जूनमध्ये तोच कागद दूध संकलनाच्या वेळी डेअरीवर नेऊन वाटला. वर मायन्यात ‘दादा’ आधी लिहिलं आणि कामाच्या ओळीत एक वाक्य वाढवलं: ‘स्वतःचं मूल तुमच्याकडे नसेल.’ चार पट्ट्या परत आल्या आहेत. त्यांतल्या एकीवर नावाखाली लिहिलंय, ‘शनिवारी गाडी बाजार समितीत लागते, बुधवार चालेल.’